दोन रेझ्युमे, दोघांनाही २० पैकी १५. शेठ म्हणतात ‘काटोलचा घे’. काय करू?

हिंगण्याचा_हिशोबी

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी तिथलं अकाउंट्स सांभाळतो. एक सीनिअर अकाउंटंट घ्यायचाय. एकूण ४१ अर्ज आले. गेल्या वेळी ‘पोरगा बरा वाटला’ म्हणून घेतला आणि पाच महिन्यांत हात पोळले, म्हणून यंदा आधीच कागदावर पाच रकाने आखले आणि प्रत्येकाला ४ गुण ठेवले. जीएसटी रिटर्न आणि जुळवणी, टॅली व स्टॉक, ई-इनव्हॉइस व ई-वे बिल, बँक व पार्टी लेजर, एक्सेल.

सगळ्यात वर दोघं आले. त्यांना क आणि ख म्हणू.

क चे गुण ४, ४, २, ३, २. ख चे ४, ३, ३, २, ३. दोघांची बेरीज १५.

क चा अनुभव ९ वर्षांचा, ख चा ५ वर्षांचा. शेठना दाखवलं तर त्यांनी गुणांकडे पाहिलंही नाही. क काटोलचा आहे, शेठचं गावही तिकडचंच. ‘अरे, आपल्याकडचा आहे, टिकेल’, एवढं बोलून फाईल परत दिली. माझं मन ख कडे झुकतंय, पण का ते मला सांगता येत नाही. म्हणजे मीही तेच करतोय जे शेठ करतायत, फक्त गाव वेगळं. बरोबरी मोडायची काही धड रीत आहे का?

तर्री_जास्त

चिठ्ठ्या टाका भाऊ. नाहीतर दोघांनाही सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर बोलवा. जो ‘तर्री कमी’ म्हणेल तो बाद.

निवृत्त_बडेबाबू

सरकारी भरतीत समान गुण आले तर बऱ्याच ठिकाणी ज्याची जन्मतारीख आधीची तो वर जातो. वाद नाही, कोर्टकचेरी नाही. तुम्हीही तेच करा. ९ वर्षांवाला घ्या, अनुभव जास्त आहे.

हिंगण्याचा_हिशोबी

बडेबाबू, वयाने वाद मिटतो हे खरं. पण मला वाद मिटवायचा नाही, २बी जुळवणारा माणूस हवाय. २बी म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी, त्यावरच खरेदीत भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं.

घाटरोडची_ताई

अठरा वर्षं भरतीचंच काम केलंय, आधी बुटीबोरीत, आता मिहानमध्ये. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बेरीज समान आली म्हणजे माणसं समान झाली असं नाही. तुमच्या रकान्यात ४ गुण मिळवायला ‘जीएसटीचं काम केलं’ एवढी एक ओळ पुरते का? पुरत असेल तर बरोबरी तुमच्या फूटपट्टीमुळे झालीय. आता नवे रकाने जोडू नका. ज्या ओळींवर गुण दिलेत त्याच ओळी परत उघडा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा, ही ओळ खोटी असेल तर मला कळेल कसं?

मी पेन्सिलने तीन खुणा करते. कुणाला तरी विचारून किंवा कागद मागून तपासता येईल अशी ओळ असेल तर टिक. कामाचा तपशील आहे पण तपासायला मार्ग नाही, तिथे टिंब. नुसता दावा असेल तिथे फुली. मग १५ पैकी किती गुण फुलीवर उभे आहेत ते मोजते.

तुम्ही दोघांची जीएसटीची ओळ इथे जशीच्या तशी टाका. नावं, कंपन्या काढून. मग बोलू.

हिंगण्याचा_हिशोबी

ताई, ही घ्या.

क: ‘जीएसटीचे संपूर्ण काम स्वतंत्रपणे पाहिले. ऑडिटला सहकार्य केले.’

ख: ‘दरमहा सुमारे ४०० खरेदी बिले २बीशी जुळवली. न जुळणारे क्रेडिट सहा महिन्यांत ३.२ लाखांवरून ४० हजारांवर आणले. दोन पुरवठादारांची बिले अजून अडकलेली आहेत.’

दोघांना ४-४ दिलेत मी. आता वाचताना लाज वाटून राहिली.

बर्डीवरचा_टायपिस्ट

थांबा थांबा. मी बर्डीवर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. दिवसाला पाच-सात बायोडाटा माझ्या हातून जातात. खरं सांगू का? पोरगा येतो, म्हणतो, ‘दादा, जरा भारी करून द्या.’ मग मीच टाकतो, ‘खर्चात ३० टक्के बचत केली’. कशाचा खर्च, कुठली बचत, त्यालाही ठाऊक नसते अन् मलेही नसते. ३० का? तर २५ छोटं वाटते आणि ५० कोणी मानत नाही.

तेव्हा आकडा पाहून भुलू नका. ख ने माझ्यासारख्या कुणाला शंभर रुपये जास्त दिले असतील, एवढाच फरक असेल.

कोराडी_एक्सप्रेस

हा हा, टायपिस्ट दादा, २०१९ चा माझा ‘टीम प्लेयर व गोल ओरिएंटेड’ तुमच्याच दुकानातला दिसतो.

घाटरोडची_ताई

टायपिस्ट दादांचं म्हणणं खरं आहे आणि कामाचंही आहे. आकडा म्हणजे पुरावा नाही. ‘३० टक्के बचत’ ला माझ्याकडे फुलीच मिळते, कारण त्यात मूळ रक्कम नाही, काळ नाही, कृती नाही.

ख च्या ओळीत मात्र आधीची रक्कम, नंतरची रक्कम, कालावधी आणि कामाचा आवाका आहे. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते शेवटचं वाक्य, दोन पुरवठादार अजून अडकलेत. बायोडाटा सजवणारा माणूस अपुरं राहिलेलं काम लिहीत नाही. तरीही ही टिक नाही, टिंबच. टिक व्हायला आणखी एक पायरी लागते.

दोघांनाही दहा मिनिटांचा फोन करा आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा. ‘माल आला, बिल आलं, पण २बीमध्ये दिसत नाही. मागच्या वेळी असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ ‘काय कराल’ असं विचारू नका, ‘काय केलंत’ विचारा. उत्तरं शब्दशः लिहून ठेवा आणि गुण नंतर द्या.

गोंडखैरीचा_सीए

प्रश्न चांगला आहे. कान कुठे टवकारायचे तेवढं सांगतो. खरं काम करणारा चौदा तारखेचा उल्लेख करेलच, कारण २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि त्याची सगळी धावपळ त्या तारखेभोवती असते. तो म्हणेल की पुरवठादाराला फोन केला, त्याने आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे आर-१ मध्ये, बिल टाकलंच नव्हतं किंवा आमचा जीएसटी नंबर चुकवला होता, तोवर ते क्रेडिट वेगळ्या लेजरला ठेवलं आणि घेतलं नाही.

आणि कुणी म्हणाला, ‘पाच टक्क्यांपर्यंत तसंच घेऊन टाकतो’, तर समजा की त्याचं घड्याळ २०२१ मध्ये थांबलंय. बिल दिसत नसतानाही थोडं क्रेडिट घेण्याची सूट आधी २० टक्के होती, मग १०, मग ५, आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य. त्या उत्तरातून माणूस खोटं बोलतो असं दिसत नाही. त्याने ते काम शेवटचं कधी केलं एवढं दिसतं.

हिंगण्याचा_हिशोबी

सीए साहेब, तुमचं वाचून क चा रेझ्युमे परत उघडला. ‘सध्या कार्यरत’ एवढं बघून मी पुढे गेलो होतो. नीट पाहिलं तर २०२१ च्या मध्यापासून तो त्याच कंपनीत ‘स्टोअर्स व डिस्पॅच’ बघतोय! जीएसटी त्याआधी केलंय. नोकरी चालू आहे, पण ते काम चालू नाही.

संत्राबर्फी

इथे मला बोलायचंय, कारण हे ‘ताजेपण’ माझ्या मुळावर आलंय. सासूबाईंच्या आजारपणात मी २०२० ला नोकरी सोडली, २०२३ ला परत शोधायला लागले. आठ वर्षांचा अनुभव एका झटक्यात ‘शिळा’ झाला. एका ऑफिसात तर समोर बसवून विचारलं, ‘मॅडम, मधे तीन वर्षं काय केलंत?’ बेडपॅन बदलले, काय करणार? घरी बसलेल्या बाईला मागे टाकायचं हे नवीन निमित्त नाही ना?

घाटरोडची_ताई

संत्राबर्फी, तुमचा राग रास्त आहे. ताजेपण माणसाचं मोजायचं नसतं, कामाचं मोजायचं असतं. सगळी कामं सारखी शिळी होत नाहीत. बँक जुळवणी, पार्टीचं लेजर तपासणं, पाच हजारांचा फरक कुठे लपलाय ते हुडकणं, हे दहा वर्षांनीही तसंच असतं. तिथे मी तारीख बघतच नाही. ई-इनव्हॉइसचं वेगळं. त्याची उलाढालीची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली तेव्हा एमआयडीसीतली कितीतरी छोटी युनिटं पहिल्यांदाच त्यात ओढली गेली. तिथे २०२० चा अनुभव कमी पडतो, तो माणूस घरी असो की नोकरीत. इथे क रोज कामावर जातो, तरी त्याचं जीएसटी शिळं झालंय.

आणि शिळं झालं म्हणून बाद करायचं नाही. ते किती दिवसांत भरून निघेल ते बघायचं.

संत्राबर्फी

कागदावर हे छान आहे ताई. पण बरोबरी मोडताना शेवटी कुणीतरी खालीच जातो, आणि तो बहुतेक वेळा खंड पडलेलाच असतो. भरून निघेल हे बघायला मला कुणी बोलावलंच नव्हतं.

घाटरोडची_ताई

यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. म्हणूनच रेझ्युमेवर फक्त फोनचा क्रम ठरवावा, नोकरी ठरवू नये, एवढंच मी पाळते.

मनीषनगरचा_मॅनेजर

तुम्ही लोक फार खोलात जाऊन राहिले बाप्पा. प्रगती बघा. पाच वर्षांत कुणाला किती प्रमोशन मिळालं? ज्याचं पद वाढलं तो पुढे जाणार. मी नेहमी असंच निवडतो.

गोंडखैरीचा_सीए

मॅनेजर साहेब, दिशा बरोबर पण खूण चुकीची. आपल्याकडच्या छोट्या फर्ममध्ये माणूस अकाउंटंट म्हणून लागतो आणि अकाउंटंट म्हणूनच रिटायर होतो. पदं द्यायला तिथे पदंच नसतात! माझ्या एका क्लायंटकडे उलट आहे, तिथे चार जण आहेत आणि चारही ‘मॅनेजर’.

वाढ पाहायची तर कामाच्या आवाक्यात पाहावी. आधी नुसती व्हाउचर एंट्री, मग बँक जुळवणी, मग रिटर्न स्वतः भरणं, मग नव्या पोराला शिकवणं. तीही वर्षांच्या हिशोबात. नऊ वर्षांत दोन पायऱ्या आणि पाच वर्षांत तीन पायऱ्या यात फरक आहे.

मनीषनगरचा_मॅनेजर

मान्य. पण मग उलटा धोका सांगतो. भराभर पायऱ्या चढणारा पोरगा दीड वर्षात पुण्याला जातो. तिकडे पगार जास्त. मग तुम्ही परत ४१ अर्ज वाचत बसा. शेठचं ‘टिकेल’ हे अगदीच येड्यासारखं नाही.

हिंगण्याचा_हिशोबी

पण काटोलचा टिकतो आणि दुसरा टिकत नाही याला आधार काय? गेल्या वेळचा पोरगा सावनेरचा होता. पाच महिन्यांत गेला, तोही पुण्याला नाही, वाडीला.

घाटरोडची_ताई

टिकणं हवं असेल तर तो वेगळा मुद्दा म्हणून उघड विचारा, आधीच्या नोकऱ्या किती काळ केल्या ते बघा. गावाच्या नावाआड लपवू नका.

आणि वाढीचा नंबर मी शेवटी ठेवते. आधी पुरावा, मग ताजेपण, मग वाढ. पहिल्यावरच स्पष्ट फरक दिसला तर तिथेच थांबायचं. कारण पुरावा झालेल्या कामाबद्दल सांगतो आणि वाढ पुढच्या अंदाजाबद्दल. शिवाय वाढीसाठी कुणीतरी संधी दिलेली असावी लागते. तिन्ही एकदम बघितले की माणूस आपल्या आवडत्याला जे जिंकवेल तेच पुढे करतो. हा क्रम फाईल उघडायच्या आधी लिहून ठेवायचा असतो. हिशोबी भाऊ, तुम्ही दोघांना ओळखून बसलात, तेव्हा आता तुमच्या हातून हे नको. नाव, गाव, कॉलेज झाकून झेरॉक्स काढा आणि दुसऱ्या कुणाकडून खुणा करून घ्या.

बर्डीवरचा_टायपिस्ट

झेरॉक्स एका पानाचे दोन रुपये. झाकायची पट्टी फुकट.

त्रिमूर्तीनगर_०७१२

नमस्कार. मी बीकॉम २०२२. माझा रेझ्युमे इथे टाकला तर कुणी बघेल का? टॅली येते. १५ गुण मिळतील का?

गोंडखैरीचा_सीए

टॅली येते म्हणजे काय केलंस ते लिही. किती बिलं, कुठल्या महिन्यात, कुठे चुकलास. पाठव मेसेजमध्ये.

अंबाझरीचा_आकडेवाला

उशिरा आलो. एक शंका. १५ आणि १५ ही बरोबरी तुम्ही धरली. मग १४ वाले आणि १६ वाले खरंच वेगळे आहेत का? पाच रकाने, प्रत्येकी ४ गुण, आणि गुण देणारा एकच माणूस संध्याकाळी सहा वाजता थकून बसलेला. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तेच रेझ्युमे तपासून बघू दे. एखादा गुण इकडेतिकडे होणारच. माझ्या मते १४ वालेही याच बरोबरीत येतात.

हिंगण्याचा_हिशोबी

बोचलं, पण खरं निघालं. आमच्या पर्चेसच्या मॅडमना झाकलेल्या झेरॉक्स दिल्या, मूळ गुण सांगितले नाहीत. त्यांनी क ला १४ दिले, ख ला १६, आणि १४ वरच्या एकीला, तिला ग म्हणू, १५. म्हणजे बरोबरी तिघांची होती, मी उगाच दोघांत भांडत होतो.

ताईंच्या खुणाही त्यांनीच केल्या. क चे ८ गुण फुलीवर, ख चे ३, ग चे ४. पण क ची स्टॉकची ओळ चांगली निघाली, ‘तीन गोदामांचा स्टॉक टॅलीत, दरमहा प्रत्यक्ष मोजणीशी जुळवणी, मोजणीपत्रकावर स्टोअर व अकाउंट्स दोघांच्या सह्या’. त्याला मॅडमनी सरळ टिक दिली. पत्रक मागता येतं म्हणून.

निवृत्त_बडेबाबू

सह्या असलेला कागद! मी तेच म्हणत होतो.

तर्री_जास्त

बडेबाबू, तुम्ही जन्मतारीख म्हणत होते.

हिंगण्याचा_हिशोबी

काल तिघांना फोन झाले. सीए साहेब, तुमच्या तोंडात साखर. क म्हणाला, ‘पाच टक्क्यांपर्यंत बसवतो सर, वर गेलं तर सोडतो.’ ख ने विचारायच्या आधीच चौदा तारीख काढली, आणि अडकलेल्या दोन पुरवठादारांपैकी एकाने त्याच्या कंपनीचा जीएसटी नंबर टाकताना एक अक्षर चुकवलं होतं तो किस्सा सांगितला. पण स्टॉकवर ख गडबडला. टॅलीत स्टॉक उणे का दिसतो विचारलं तर ‘एंट्री राहिली असेल’ म्हणाला. क ने त्याच प्रश्नावर उलट मलाच विचारलं, ‘तुमच्याकडे मालाचं चलान आधी येतं की बिल?’ दोन मिनिटं मी गप्प! आमच्याकडे नेमकी तीच गडबड आहे.

ग ने दोन्ही ठीक सांगितलं, फार चमकदार नाही. तिच्या रेझ्युमेत एक वर्षाचा खंड आहे. मी त्याबद्दल विचारलं नाही, २बीबद्दलच विचारलं. तिलाही चौदा तारीख माहीत होती.

मुलाखतीला तिघांनाही बोलावलंय, क्रम ख, ग, क. शेठना कागद दाखवला. त्यांनी फुल्या मोजल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘मग काटोलवाल्याला स्टोअरला घेऊ.’ स्टोअरला जागाच नाही.

संत्राबर्फी

ग ला बोलावलं, बरं वाटलं. कळवा काय झालं ते.

घाटरोडची_ताई

एक राहिलं. मोजणीपत्रक मागताना जपून. क अजून तिथेच नोकरीत आहे, ते कागद कंपनीचे आहेत. आकडे आणि नावं झाकून दाखवता आलं तर ठीक. नाही म्हणाला तर त्याची टिक काढू नका, नाही म्हणणंही बरोबरच आहे.

गोंडखैरीचा_सीए

इथे मी असहमत. कागद दिसला नाही तर ते टिंबच. नाहीतर प्रत्येक जण ‘गोपनीय आहे’ म्हणून टिक घेऊन जाईल.

बर्डीवरचा_टायपिस्ट

आजच एक पोरगा आला होता. म्हणे, ‘दादा, शेवटी टाका, दोन पुरवठादार अजून अडकलेले आहेत.’

हिंगण्याचा_हिशोबी

😂 दादा, त्याला पुरवठादारांची नावं विचारली का?

बर्डीवरचा_टायपिस्ट

विचारली. म्हणे, ‘तुम्हीच टाका ना काहीतरी.’